सासऱ्यांचा काळा करकोचा

लग्न ठरवायला आमची मंडळी मुलीकडं गेली, तेव्हा मुलीच्या आधी मला एक पक्षी दाखवण्यात आला. बैठकीतल्या भिंतीवर, घड्याळ आणि गणपती यांच्या मधोमध, काचेच्या चौकटीत तो उडत होता. मागं पिवळंजर्द आभाळ आणि त्यावर डांबरासारखा काळा पक्षी. लांब मान पुढं ताणलेली, पंख उघडलेले. होणारे सासरे माझ्याकडं बघून म्हणाले, "ओळखा."

मी नीट निरखून बघितलं आणि कावळा असं उत्तर दिलं. शेजारी बसलेल्या माझ्या आईनं कोपरखळी मारली, ती अजून दुखते. सासरे मात्र रागावले नाहीत. कावळ्याची मान एवढी असती तर त्याला नळावरचं पाणी वाकून प्यावं लागलं नसतं, असं म्हणून त्यांनी मला पोहे पुढं केले. तो काळा करकोचा होता. पाटबंधारे खात्यात नोकरीला असताना, नाथसागराच्या काठावर एका संध्याकाळी त्यांनी तो टिपला होता. रिळाचा कॅमेरा, रिळात शेवटचाच फोटो उरलेला, आणि समोरून हा पक्षी उठला. काळा करकोचा आपल्याकडं हिवाळ्यात येतो तो क्वचितच. पुढं मी ज्या पक्षीवेड्यांच्या गटात ओढला गेलो त्या गटाच्या जिल्ह्याच्या यादीत त्याची एकच नोंद होती, आणि ती या भिंतीवर लटकत होती.

मुलगी त्यांनी दिली. का दिली, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत. माझं म्हणणं, मला येत नसताना मी येतं असं दाखवलं नाही, ते त्यांना आवडलं असावं. बायकोचं म्हणणं मी इथं लिहीत नाही.

सासऱ्यांच्या नादानं मीही कॅमेरा घेतला. माझी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, मालाची तपासणी करण्याची. तिथं आमच्याकडं एक यंत्र आहे: त्यात सुटा भाग ठेवला की मागून प्रकाश पडतो आणि समोरच्या पडद्यावर त्या भागाची मोठी काळी सावली उमटते. सावलीच्या कडा नकाशावरच्या रेषांशी जुळल्या तर भाग पास, नाहीतर भंगारात. म्हणजे माझा सगळा दिवस सावल्यांच्या कडा बघण्यात जातो. असा माणूस पक्ष्यांच्या सावल्या ओळखण्यात तरबेज असायला हवा होता. पण स्क्रू एका जागी बसतो. पक्षी बसत नाही, आणि बसला तर पान आड येतं.

त्यात मला सूर्याकडं तोंड करून उभं राहण्याची विद्या उपजतच आहे. तळ्याच्या कुठल्याही काठावर मला सोडा, मी बरोबर चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहतो. बाकीच्यांच्या फोटोत डोळ्याच्या बाहुलीचा रंग दिसतो, माझ्या फोटोत पक्षी आहे की फांदी तुटली आहे याची चर्चा होते. गटात माझ्या फोटोंना ‘कोळसा’ म्हणतात. मी फोटो टाकला की कुणीतरी विचारतं, आज किती पोती?

या कोळशाची किंमत केली ती एकट्या ड्रॉइंग सरांनी. सर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सासऱ्यांचे जुने दोस्त. दोघांनी मिळून जुन्या स्कूटरवर अख्खा तालुका पालथा घातलेला. सासरे सरांना नुसतं ‘मास्तर’ म्हणत, सर सासऱ्यांना ‘साहेब’. मास्तरांच्या खिशात कायम एक छोटी कात्री आणि काळ्या कागदाचे तुकडे असत. बोलता बोलता ते कागद कापायचे आणि त्यातून घार निघायची, शिक्रा निघायचा, पाणकावळा निघायचा. रंग म्हणजे पक्ष्याचा शर्ट, ते म्हणत. शर्ट बदलतो, मळतो, उन्हात दिसत नाही. बांधा बघा. एखाद्या ओळखीच्या माणसाला तुम्ही मागून, लांबून, नुसत्या चालीवरून ओळखता की नाही? तसंच.

त्यांनी मला धडे दिले ते असे. तारेवर ताठ बसलेला, शेपूट खाली माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं: कोतवाल. त्याच तारेवर मोठ्या डोक्याचा, शेपूट लांब पण दुभंग नाही, चोच आकड्यासारखी: खाटीक. आभाळात कोयत्यासारखे ताठ पंख: पाकोळी. पंख मागं झुकलेले आणि उडणं मऊ, मधेच वळण घेणारं: भिंगरी. घारीचं शेपूट खाचेचं, हे सगळेच सांगतात. पण तिनं शेपूट पंख्यासारखं पसरलं की खाच गायब होते, मग तुम्ही तिला गरुड म्हणता आणि गटात हसं होतं. म्हणून घारीचं शेपूट नुसतं बघायचं नाही, ते सुकाणूसारखं कसं फिरतं ते बघायचं. शेतावरून खालून खालून, पंखांचा उथळ व्ही करून, झोकांड्या खात जाणारा तो भोवत्या. आणि पाण्यावरचे लंबूटांगे? तिथं पहिला प्रश्न मानेचा. बगळा उडताना मान आवळून घेतो, खांद्यात खुपसून. करकोचा मान पुढं ताणून उडतो. दुसरा प्रश्न पंखांचा. बगळ्याचे पंख छत्रीसारखे खाली वाकलेले, कमानदार. तो सावकाश, जड फटके मारत जातो. करकोच्याचे पंख फळीसारखे सपाट, टोकाला बोटं फाकलेली, आणि ऊन तापलं की तो पंख न हलवता गोल गोल वर चढतो.

हे सगळं मला पाठ झालं. ओळखता येतं असं मी म्हणत नाही.

गेल्या काही वर्षांत सासऱ्यांची नजर उतरत गेली. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, आता जेवढं आहे तेवढं सांभाळायचं. पुस्तक गेलं, पेपर गेला, मग दुर्बीण गेली. दुर्बिणीतून बघून ते काही बोलेनासे झाले तेव्हा आम्हाला कळलं. त्यांनी ती पुसून डब्यात ठेवली आणि हिवाळ्यातल्या पक्षीगणनेला यायचं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, थंडी सोसत नाय. ज्या माणसानं धुक्यात, बांधावर बसून डबा खाल्ला, त्याला थंडी सोसत नव्हती.

मास्तरांना उपाय सुचला. पांढऱ्या चादरीवर मोठी काळी सावली साहेबांना दिसते, हे त्यांनी कधीतरी ताडलं होतं. मग त्यांनी टूम काढली: गणनेच्या आधी नव्या सभासदांची सावल्यांची परीक्षा घ्यायची, आणि ती साहेबांच्या सिडकोतल्या घरी, बैठकीत. भिंतीवर चादर, समोर प्रोजेक्टर. रंग कुणालाच दिसणार नाही, मग साहेब आणि आपण सगळे एका रांगेत. चित्रांसाठी फार शोधायला नको, असंही ते म्हणाले. जावईबापूंचे फोटो आहेत की, वेगळे काळे करावे लागणार नाहीत.

पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांना लोळवलं. खुर्ची चादरीपासून हातभर अंतरावर, मान थोडी तिरकी, कारण त्यांना सरळ बघितलं की मधे डाग येई आणि कडेनं बघितलं की दिसे. मी चित्र लावायचो आणि ते सांगायचे: तिरंदाज, पाणकावळा नाय, शेपूट बघा केवढं लांब, मान बघा कशी बारीक, मधे मुरडलेली. वेडा राघू, पंखांचा त्रिकोण. तांबट, डोकं केवढं, शेपूट केवढुसं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बापाकडं बघत होती. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच दुसऱ्याला चूक दाखवत होते. घरी परतताना ती मला म्हणाली की तुमचे फोटो वाईट आहेत हे देवानं काहीतरी बघूनच केलं.

त्या हिवाळ्यात गटानं एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं: जिल्ह्यातले पक्षी आणि ते कुणी, कुठं पाहिले. पहिल्याच फलकावर काळा करकोचा आणि खाली सासऱ्यांचं नाव. सासरे वरवर नाही म्हणत होते, पण कोट इस्त्रीला गेला होता. भिंतीवरचा फोटो पिवळा पडत चालला होता, म्हणून मी तो नवा करून घ्यायला गुलमंडीजवळच्या चौकटवाल्याकडं नेला. त्यानं काच काढली, फोटोभोवतीची पुठ्ठ्याची पांढरी किनार सोडवली आणि फोटो माझ्या हातात दिला.

फोटो मोठा निघाला. म्हणजे किनारीखाली बोटभर पट्टी कित्येक वर्षं दडून होती. त्या काळच्या चौकटवाल्यानं पक्षी मधोमध यावा म्हणून खालचा भाग किनारीआड दाबला होता. त्या पट्टीत पाणी होतं. कोळ्यांच्या जाळ्याचे दोन बांबू होते. आणि पक्ष्याचे पाय होते, मागं ताणलेले नव्हे तर खाली लोंबणारे, आणि त्यांच्या खाली पाण्यावर उमटलेली वर्तुळं.

आता मास्तरांचा शिष्य या नात्यानं मला तिथं काहीतरी कळायला हवं होतं, आणि दुर्दैवानं कळलं. पक्षी त्याच क्षणी पाण्यातून उठला होता. बगळासुद्धा उठताना मान ताणतो, पाय लोंबवतो. दोन-चार फटके मारून वेग आला की मग मान आवळतो आणि पाय मागं नेतो. फोटोतला तो एक क्षण मधलाच. मी मान सोडून पंख बघितले. खाली वाकलेले, छत्रीसारखे. टोकाला बोटं नाहीत, गोलाई. काळा तर तो होताच. पण मावळतीसमोर उभं केलं तर चुना लावलेला माणूसही काळाच दिसेल.

चौकटवाल्याकडून फोटोची संगणकावरची प्रत घेतली, मूळ फोटो आणि चौकट त्याच्याकडंच ठेवली आणि मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं प्रत बघितली. तिला वडिलांनी लहानपणीच मान आणि पंख शिकवलेले, तिला माझ्याइतका वेळ लागला नाही. मग म्हणाली, "प्रदर्शन होऊ दे. तोंड उघडायचं नाही." मी म्हणालो की गटाच्या यादीत चुकीची नोंद तशीच राहील. ती म्हणाली, तुम्ही एका घारीला तीन वेळा गरुड म्हणालात, तेव्हा यादी कुठं बुडाली? खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. कोट इस्त्रीहून आला होता.

तोंड मी उघडलं नाही. पण माझं तोंड बंद असलं म्हणजे माझा गाढवपणा बंद असतो असं नाही.

पुढच्या रविवारच्या परीक्षेसाठी मी चित्रं निवडायला बसलो. संगणकावर माझ्या फोटोंची एक थैली आहे, नाव ‘काळे’. चौकटवाल्याची प्रतही मी त्याच थैलीत टाकली होती, कारण तीही काळीच होती. छोट्या छोट्या चौकोनांत सगळे सारखेच दिसत होते: पिवळं आभाळ, काळा पक्षी. मी भराभर निवडले, सगळ्यांचं आभाळ पांढरं आणि पक्षी ठार काळा करून घेतला, एकाच्या आभाळात डाव्या बाजूला जागा जास्त होती म्हणून तो आरशातल्यासारखा उलटा फिरवला, आणि स्वतःच्याच कामावर खूश झालो. एका फोटोत बांबू होते. मला वाटलं, आपल्यालाही कधीतरी बरा फोटो जमला होता वाटतं.

रविवारी संध्याकाळी बैठक भरली. मास्तर, सासरे, बायको, मी आणि चटईवर चार-पाच नवे सभासद. भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट चौकोन उरला होता, त्याच्या थोडं बाजूला चादर लावलेली. शिक्रा गेला, भोवत्या गेला. मग ते चित्र आलं.

बांबू दिसले आणि हे चित्र कुणाचं ते मला आठवलं. बायकोनं दारातून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी लग्नानंतर दोनदाच पाहिली आहे. मी पुढचं चित्र लावायला बटण शोधत होतो, पण अशा वेळी बटण जागेवर नसतं. नव्या सभासदांपैकी एक मुलगी म्हणालीच, "मान बाहेर आहे. करकोचा."

"थांबा," सासरे म्हणाले. त्यांनी मान तिरकी केली. चादरीवरचा पक्षी त्यांच्या नेहमीच्या पक्ष्यापेक्षा किती तरी मोठा होता, उलट्या दिशेनं उडत होता, त्याला पाय होते, खाली पाणी होतं. त्यांना तो नवाच होता. "नुसती मान बघून नाय चालत, बेटा. पाय बघ, लोंबतेत. खाली पाण्यावर गोल उमटलंय. आत्ता उठलाय तो, मान आवळायला सवड कुठं मिळाली? पंख बघ, कसे कमानी. बोटं हायेत का टोकाला? नाय. बगळा हाय हा. राखी बगळा. अजून तीन फटके मारले की मान आत घेईल."

ती मुलगी हसून म्हणाली, फसवलं की यानं. सासरेही हसले. "लई जणांना फसवतो हा," ते म्हणाले आणि पुढचं चित्र मागितलं.

मी पुढचं लावलंही. पोपट होता बहुतेक. पण सासरे पोपटाकडं बघत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "जावईबापू, मागचं घ्या."

मी घेतलं. ते खुर्चीतून उठले, चादरीला नाक लागेल इतके जवळ गेले. बांबूंवर बोट ठेवलं. एक बांबू सरळ, दुसरा त्याच्यावर रेललेला. ते बोट तिथंच राहिलं. मग त्यांनी भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडं बघितलं, परत चादरीकडं बघितलं.

"हा फोटो तुमचा का?"

मला खोटं बोलता येत नाही, हे माझं लग्न ठरण्याचं कारण होतं असं मी मानत आलो. "नाही, बाबा," मी म्हणालो. "तुमचा."

नव्या सभासदांना काय चाललंय ते कळेना, ते एकमेकांकडं बघायला लागले. बायको पुढं आली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली. मी त्या मुलीला हळू आवाजात सांगितलं की भिंतीवर इतकी वर्षं हाच फोटो होता, काळा करकोचा म्हणून.

सासरे मास्तरांकडं वळले. "मास्तर, तुला ठाऊक होतं?"

मास्तर खिशातल्या कात्रीशी चाळा करत होते. "शक था, साहेब. पंखांवरून. पण पाय दिसत नव्हते, पाणी दिसत नव्हतं. अर्धा फोटो बघून फैसला कैसे देता?" मग म्हणाले, "आणि चाय अच्छी मिळत होती. बीस साल से येतोय, बगळ्याला सलाम करतोय, चहा पितोय."

मला वाटलं आता काही खरं नाही. पण सासऱ्यांच्या छातीतून एक आवाज निघाला. आधी तो खोकल्यासारखा होता आणि मग ते हसत होते. मास्तरही हसायला लागले. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून हसत राहिले. त्या हसण्याच्या शेवटी सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा जास्त वेळ चाललं.

खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "शर्टच बघितला मी. आयुष्यभर दुसऱ्यांना बांधा शिकवला." मग मला म्हणाले की यादीतून ती नोंद काढा.

बायको म्हणाली, "राहू द्या ना, बाबा. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय की," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. चौकटवाल्याकडं जायचं होतं. मला वाटलं, फोटो परत नको म्हणून सांगायला. मी गाडी काढली. आम्ही क्रांती चौकात आलो. मग खिडकीबाहेर बघत, मी विचारलं नसताना म्हणाले, "पण तिथं करकोचा होता."

मी गाडी हळू केली. ते सांगत गेले. त्या दुपारी एक पक्षी लांबवर गोल गोल फिरताना त्यांनी पाहिला होता. मान बाहेर, पंख सपाट, एकही फटका नाही. फिरत फिरत तो खाली उतरला आणि बाभळींच्या मागं गेला. कॅमेरा जीपमध्ये होता. ते धावत गेले, धावत आले, दबा धरून बसले. उजेड उतरायला लागला. आणि बाभळींच्या पुढून एक मोठा पक्षी उठला. उठला तो तोच, असं त्यांनी धरलं. दुसरा कशाला असेल? डोळ्यांत आधीचाच पक्षी होता, आणि बोट बटणावर.

"आणि तो पहिला, फिरणारा," मी विचारलं, "तो काळा होता?"

पैठण गेट आलं, मागं पडलं. मग सासरे म्हणाले, "सूर्य समोर होता."

चौकटवाल्याला त्यांनी सांगितलं की किनार नवी कापा, खालची पट्टी पूर्ण दिसली पाहिजे. पाय, पाणी, बांबू सगळं. बगळा मधोमध आला नाही तरी चालेल. बगळ्याला मधोमध यायची घाई नाय, घाई आम्हाला होती.

प्रदर्शन ठरल्या वेळी झालं. काळ्या करकोच्याचा फलक नव्हता. त्याच्या जागी हा फोटो होता आणि खाली मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हा कोण?’ सासरे इस्त्रीचा कोट घालून शेजारी खुर्चीवर बसले होते. येणारा जाणारा मान बघून करकोचा म्हणे आणि ते सुखावत. मग सुरुवात करत, बेटा, पाय बघ. मास्तरांनी काळ्या कागदाचे दोन पक्षी कापून त्यांच्या हातात दिले होते, एक मान आवळलेला, एक ताणलेला. ते कागद हातात धरून माणसांना समजावताना ते मला बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखे दिसले. त्यांना समोरच्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण कुणी खांदे उडवले की त्यांना ते कळत होतं.

त्या हिवाळ्यात गणनेला ते आले. मीच येतो म्हणाले, थंडी कमी हाय औंदा. नव्हती, तोंडातून वाफ निघत होती. नाथसागराच्या काठावर, ऊन चांगलं तापेपर्यंत, आम्ही बसलो. सासऱ्यांसाठी घडीची खुर्ची, मास्तरांसाठी सतरंजी, बायकोच्या मांडीवर नोंदीची वही, आणि मी अर्थातच सूर्याकडं तोंड करून उभा. काम वाटून घेतलं होतं. मी बघायचं, ते ओळखणार.

"मान?" ते विचारत.

"आत."

"पंख?"

"कमानी. फटके सावकाश."

"बगळा. लिही ग."

असं बरंच चाललं. ऊन वर आलं तसं पलीकडच्या उघड्या माळावरून एक मोठा पक्षी चढायला लागला. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं, कारण मला माझ्यावर विश्वास नाही. मान बाहेर. पंख सपाट, फळीसारखे. टोकाला बोटं. फटका नाही, नुसता गोल. मी एकेक सांगत गेलो आणि सासऱ्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले.

"चोच?"

उजेडानं चोचीच्या कडा खाल्ल्या होत्या. जाड की बारीक, सरळ की वाकलेली, काही कळेना. मी तसं सांगितलं.

बायकोनं दुर्बीण लावली होती. तिचा आवाज थोडा वर गेला. "बाबा, काळा दिसतोय. अगदी काळा. लिहू?"

मास्तरांची कात्री थांबली. मी सासऱ्यांकडं बघितलं. ते आभाळात भलत्याच दिशेला बघत होते, जिथं काहीच नव्हतं. मला वाटलं, लिही म्हणावं त्यांनी. आमच्यापैकी कुणी काही म्हणालं नसतं.

"वळू दे त्याला," ते म्हणाले. "पोटावर उजेड पडतो का बघ. काळ्या करकोच्याचा गळा काळा, पोट पांढरं."

पक्षी वळला, पण सूर्याच्याच अंगाला. गोल गोल चढत लहान होत गेला. पोट काही दिसलं नाही.

"उजेडासमोर सगळेच काळे, माये," सासरे म्हणाले. "लिही, करकोचा. जात ठरली नाय."

तिनं लिहिलं. मी तोपर्यंत फोटो काढला होता आणि तो अपेक्षेप्रमाणे कोळसा निघाला होता. मास्तरांनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, ये भी लगाओ दीवार पे.

सासऱ्यांनी माझी बाही ओढली. "पाय कसे होते?"

"मागं. ताणलेले."

"नक्की? लोंबत नव्हते?"

"नाही, बाबा. नक्की."

ते खुर्चीत मागं टेकून बसले आणि बायकोला म्हणाले, थर्मासातला चहा काढ आता.